उत्तर: पानांच्या सावल्या आणि झाडाचे माप

«ॲट्रियमच्या थ्रीडी रेंडरमधले फायकसचे झाड चिकटवल्यासारखे दिसते, पानांच्या सावल्या कात्रीने कापल्यासारख्या येतात. काय चुकते?»

सूर्याचे बिंब आकाशात सुमारे अर्ध्या अंशाचे दिसते, म्हणून ब्लेंडरमध्ये सन लाइटचा `Angle` शून्यावर असेल तर तो 0.526 करावा. नागपुरात डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य जेमतेम 45 अंशांवर असतो; त्यामुळे 5 मीटर उंचीवरच्या पानाची सावली 5 मीटर उत्तरेला पडते आणि किरण सुमारे 7 मीटर तिरपा येत असल्याने तिची कड साधारण 6 सेंटिमीटर विरते, फरशीवर तर लांबीच्या दिशेने आणखी ताणली जाते. मेअखेरीस हीच सावली जवळजवळ खोडाशीच पडते. छताची काच दुधी असेल, तर मात्र पानांच्या सावल्या अपेक्षूच नयेत.

दुसरी शंका मापाची आहे. 12 मीटरचे मॉडेल निम्मे केले असेल, तर 8 सेंटिमीटरचे पान 4 सेंटिमीटरचे होते आणि बाजूच्या कठड्यामुळे ते लगेच उघडे पडते. मुळातच लहान झाडाचे मॉडेल घ्यावे. माती वाफ्याच्या काठापासून 5 सेंटिमीटर खाली ठेवावी आणि खोडाचा बुंधा तिच्यात शिरताना रुंदावलेला दिसावा, कारण खांबासारखे सरळ घुसलेले खोडच झाडाला चिकटवलेले भासवते.