मदत हवी आहे: .22 पिस्तुलाची बॅरल जागची हलत नाही, 9 मिमीची मात्र खाली झुकते, असं का?

गिरगावची नेमबाज

नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि दोन वर्षांपासून वरळीच्या रेंजवर .22 स्पोर्ट्स पिस्तुलाचा सराव करते. मागच्या रविवारी शेजारच्या लेनवर पोलीस संघातल्या एक मॅडम सराव संपवून आपलं 9 मिमीचं पिस्तूल तपासत होत्या. त्यांनी स्लाइड मागे ओढून अडकवली, तर बॅरलचं तोंड वर आणि चेंबरची बाजू खाली गेलेली दिसली. मला वाटलं काहीतरी तुटलं. त्या म्हणाल्या, "अगं, ती तशीच असते."

माझ्या पिस्तुलाची बॅरल फ्रेमला घट्ट बसवलेली आहे, ती तसूभरही हलत नाही. कोच सरांनी एवढंच सांगितलं की माझं ब्लोबॅक आहे आणि त्यांचं शॉर्ट रिकॉइल. लाँग रिकॉइल म्हणूनही एक प्रकार होता, पण तो पिस्तुलात टिकला नाही, असंही म्हणाले.

कॉलेजच्या सेमिनारला मला हाच विषय घ्यायचा आहे, पण एका जागी गाडी अडली आहे. ब्लोबॅकमध्ये चेंबर मागून कशानेच कुलूपबंद नसतं. मग गोळी सुटताना पुंगळी लगेच मागे का फेकली जात नाही? आणि इतकी साधी रचना चालत असेल तर 9 मिमीला हा झुकण्याचा खटाटोप कशासाठी?

ठाणेकर

उत्तर स्प्रिंगमध्ये आहे. ब्लोबॅक पिस्तुलात स्प्रिंग कडक असते आणि ती स्लाइड चेंबरवर दाबून धरते. 9 मिमीच्या दाबाला तशीच धरायची तर स्प्रिंग इतकी कडक लागेल की हाताने स्लाइड ओढताच येणार नाही. म्हणून तिथे बॅरल आणि स्लाइड एकमेकांत अडकवतात.

परळचा परब

ताई, 9 मिमी हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य माणसाला लायसन्सवर मिळत नाही. घ्यायचंच असेल तर .32 घ्या. मी बँकेत गार्ड होतो, माझ्याकडे अजून .32 आहे. बॅरल पक्की, सुटे भाग कमी. इतकी वर्षं फायरिंगला एकदाही अडकलं नाही. हल्ली फक्त एक होतं. अनलोड करताना स्लाइड ओढली तरी एखादं काडतूस चेंबरमध्येच राहतं, सळईने ढकलावं लागतं. चेंबरमध्ये मळ साचला असणार.

डोंबिवलीचे काका

परब, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांबद्दल आधी लिहितो, कारण ते थांबण्यासारखं नाही. तुमचा एक्स्ट्रॅक्टर तुटलेला किंवा झिजलेला असण्याची शक्यता मोठी आहे. तरीही फायरिंग नीट होतं, याचं कारण मुलीच्या प्रश्नातच आहे. ब्लोबॅकमध्ये पुंगळीला कोणी ओढून काढत नाही. आतल्या दाबाने पुंगळीच स्लाइडला मागे ढकलत बाहेर येते. त्यामुळे एक्स्ट्रॅक्टर नसतानाही पिस्तूल पुष्कळदा तक्रार न करता चालतं. पण न उडवलेल्या काडतुसाला ढकलणारा दाब कुठून येणार? त्याला एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्यानेच ओढावं लागतं. आकडा नाही, तर तुम्ही मॅगझीन काढता, स्लाइड ओढता, काही बाहेर पडत नाही, आणि तुमची समजूत होते की पिस्तूल रिकामं आहे. जिवंत काडतूस मात्र आत असतं. पुढून सळई घालणं आजपासून बंद करा, हात बॅरलच्या तोंडासमोर येतो. गनस्मिथला दाखवा आणि तोवर ते वापरू नका. अनलोड करताना प्रत्येक वेळी चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा. काही पडलं नाही म्हणजे रिकामं, असं धरू नका.

आता बाळ, तुझा प्रश्न. मी फौजेत आर्मोरर होतो, त्यामुळे हे भाग हाताखालून गेले आहेत. ठाणेकरांचं निम्मं बरोबर आहे. ब्लोबॅकची स्प्रिंग कडक असते, ओढताना जाणवते. पण पुंगळी थोपवण्याचं काम ती करत नाही. हिशेब करून बघ. 9 मिमी काडतुसाचा कमाल दाब 2350 बार. पुंगळीच्या बुडाचं आतलं क्षेत्रफळ साधारण 60 चौरस मिमी धर. गुणाकार 14,000 न्यूटनच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दीड टन वजन. चेंबर बंद असताना हाताने ओढता येणाऱ्या स्प्रिंगचा जोर शंभर न्यूटनच्या आसपास. ती काय थोपवणार!

थोपवतं ते स्लाइडचं वजन. गोळी पुढे आणि स्लाइड मागे, दोघांचा संवेग सारखा. गोळी हलकी म्हणून ती बॅरलभर धावते, स्लाइड जड म्हणून तेवढ्या वेळात जेमतेम हलते. पुंगळी मागे जातेच, फक्त फार सावकाश.

तुलनेसाठी दोन्हीकडे स्लाइड 250 ग्रॅमची धरू. तुझी .22 ची गोळी 2.6 ग्रॅमची. ती बॅरलमध्ये 130 मिमी धावली तर तेवढ्यात स्लाइड 1.4 मिमी मागे येईल. पुंगळीचा जवळपास सगळा भाग अजून चेंबरच्या पोटात आहे, काही बिघडत नाही. आता त्याच स्लाइडवर 9 मिमी लावू. गोळी 8 ग्रॅमची आणि 100 मिमी धावणारी. स्लाइड 3.2 मिमी मागे येते, आणि आत दाब अजून आहे. 9 मिमी पुंगळीचं बुडाजवळचं पितळ जाड असतं, तेवढं बाहेर आलं तर चालतं. त्यापुढची भिंत पातळ. तिला चेंबरचा आधार सुटला की ती फुगते, आणि फारच झालं तर फाटून गॅस मागे, हाताच्या दिशेने येतो.

वेगाचंही बघ. .22 ची गोळी सेकंदाला 300 मीटर धरली तर स्लाइड सेकंदाला सुमारे 3 मीटरने मागे येते. 9 मिमीची गोळी 350 ने गेली तर तीच स्लाइड 11 मीटरने येते. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे फ्रेमवर बसणारा दणका 1.2 जूलवरून 15 च्या वर जातो. दारूच्या गॅसचा वाटा मी धरलेला नाही, तो धरलास तर आकडे थोडे वाढतील.

गिरगावची नेमबाज

काका, खूप आभार. मी वहीत हिशेब करून पाहिला. 9 मिमीची स्लाइड 5 मीटरवर आणायची तर तिचं वजन 560 ग्रॅम लागतं. म्हणजे ब्लोबॅक अशक्य नाही, नुसतं जड होतं?

डोंबिवलीचे काका

अगदी बरोबर. अमेरिकेत हाय-पॉइंट या नावाची 9 मिमी पिस्तुलं साध्या ब्लोबॅकवरच चालतात, आणि त्यांची स्लाइड बघताक्षणी बोजड वाटते. स्वस्तात बनतात, कारण कुलपाचं बारीक यंत्रकाम वाचतं. किंमत वजनात मोजावी लागते. पिस्तुलाच्या डोक्यावर अर्धा किलो पुढेमागे धावतो आणि नेम दर वेळी हलतो.

शॉर्ट रिकॉइलने यातून वाट काढली. आपल्या इशापूरच्या कारखान्यातलं 9 मिमी 1ए पिस्तूल ब्राउनिंग हाय-पॉवरवरून घेतलेलं आहे, त्याचंच सांगतो. बॅरलच्या पाठीवर आडव्या कडा असतात, त्या स्लाइडच्या आतल्या खाचांत बसतात. गोळी सुटली की दोघं एकजीव होऊन मागे येतात. 250 ग्रॅमची स्लाइड आणि 100 ग्रॅमची बॅरल धर. गोळी बाहेर पडेपर्यंत दोन्ही मिळून 2.3 मिमी सरकतात, पण पुंगळी चेंबरमधून काडीभरही निघालेली नसते, कारण चेंबरच तिच्याबरोबर मागे आलं आहे. गोळी गेली, दाब उतरला. मग बॅरलच्या पोटाखालचा तिरका भाग फ्रेममधल्या आडव्या पिनेवर घसरतो, चेंबरची बाजू खाली येते, कडा खाचांतून सुटतात. बॅरल तिथेच थांबते आणि स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते. तू रविवारी पाहिलंस ते हेच.

यात दुसरा फायदा लपलेला आहे. दोघांचा मिळून वेग सेकंदाला 8 मीटर. बॅरल थांबली की तिच्या वाट्याची ऊर्जा फ्रेममध्ये जिरते, स्लाइडकडे 8 जूल उरतात. ब्लोबॅकमध्ये त्याच वजनाच्या स्लाइडकडे 15 होते.

आणि परबांच्या दुखण्याची उलट बाजूही इथे दिसते. दाब उतरल्यावर पुंगळी स्वतःहून फारशी येत नाही, आकड्यानेच ओढावी लागते. म्हणून शॉर्ट रिकॉइलमध्ये एक्स्ट्रॅक्टर मोडला की पिस्तूल बहुधा लगेच अडकतं. ब्लोबॅक मात्र आपलं दुखणं लपवतं.

इतिहासवेडी

लाँग रिकॉइलबद्दल मी लिहिते, माझा आवडता विषय आहे. हंगेरीत रुडॉल्फ फ्रोमर यांनी 1912 च्या सुमारास फ्रोमर स्टॉप हे पिस्तूल आणलं. त्यात बॅरल आणि बोल्ट कुलूपबंद अवस्थेत शेवटपर्यंत मागे जातात. काडतुसाच्या लांबीपेक्षा जास्त. मागे बोल्ट अडकून राहतो आणि बॅरल एकटी पुढे परतते. म्हणजे पुंगळी चेंबरमधून ओढली जात नाही, चेंबरच पुंगळीवरून निघून जातं. बॅरल जागेवर पोचली की बोल्ट सुटतो आणि नवं काडतूस घेऊन येतो. बॅरलची आणि बोल्टची स्प्रिंग वेगवेगळी, दोन्ही बॅरलच्या वरच्या नळीत.

गंमत अशी की हा सगळा पसारा 7.65 मिमीसारख्या सौम्य काडतुसासाठी होता, म्हणजे परबांच्या .32 साठी. त्या काडतुसाला ब्लोबॅक पुरतं, हे ब्राउनिंगच्या 1900 च्या पिस्तुलाने आधीच दाखवलं होतं. पुढे फ्रोमर यांच्याच 29एम पिस्तुलात साधं ब्लोबॅक आलं.

ठाणेकर

स्प्रिंगचं माझं चुकलं, मान्य. पण लाँग रिकॉइलमध्ये झटका लांब अंतरावर पसरतो, मग हाताला मऊ लागायला हवा. ब्राउनिंगची ऑटो-5 शॉटगन याच तत्त्वावर 1998 पर्यंत बनत होती ना?

डोंबिवलीचे काका

शॉटगन खांद्याला टेकते आणि तीन-साडेतीन किलोची असते, तिथे बॅरलची ये-जा सोसते. पिस्तूल हाताच्या टोकावर असतं. एका गोळीमागे आधी सगळं मागे, मग बॅरल पुढे, मग बोल्ट पुढे, असे तीन धक्के. नेमाला ते वाईट, असं माझं मत.

इतिहासवेडी

काका, मला पटत नाही. स्टॉप चालवलेल्या लोकांचं म्हणणं मी वाचलं आहे, काहींना तो त्याच काडतुसाच्या ब्लोबॅकपेक्षा मऊ वाटतो. ब्लोबॅक .32 हातात जरा टोचतंच.

परळचा परब

टोचतं हे खरं. काका, आज गनस्मिथकडे जाऊन आलो. एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याचं टोक तुटलेलं निघालं. पिस्तूल तिथेच ठेवलं आहे. किती दिवसांपासून तुटलं होतं देव जाणे, मी घरात नातवंडांसमोर ते रिकामं समजून पुसायचो.

गिरगावची नेमबाज

परब काका, वेळीच कळलं हे फार बरं झालं. मी सेमिनारमध्ये ही गोष्ट तुमचं नाव न घेता सांगितली तर चालेल का? आणि काका, एक राहिलं. माझ्या .22 च्या पुंगळ्या रविवारी गोळा केल्या, त्यातल्या दोघींच्या कडेजवळ किंचित फुगवटा दिसतोय, बाकीच्या सरळ आहेत. काडतुसं एकाच खोक्यातली होती. स्लाइड लवकर मागे येते आहे, की चेंबर झिजलं आहे?

डोंबिवलीचे काका

फोटोशिवाय सांगता येणार नाही. त्या दोन आणि दोन सरळ पुंगळ्या शेजारी ठेवून फोटो टाक, फुगवटा एकाच बाजूला आहे की गोल सगळीकडून, ते दिसू दे. तोवर त्या खोक्यातली काडतुसं वापरू नकोस, पिस्तूलही कोचना दाखव.