अनुभव धागा: शोकवहीत चार ओळी, ओळख जेमतेम असताना

धागाकर्ती: हल्ली भेटायला गेलं की काही घरी फोटोशेजारी वही आणि पेन ठेवलेलं असतं. सोसायटीतले, ऑफिसातले, नुसती तोंडओळख असलेले असतात. 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून झालं की पेन अडतं. ज्यांना सवय आहे त्यांनी नेमकं सांगा. तत्त्वज्ञान नको.

पेठेतला जुना: आधी हे लक्षात घ्या की वही त्या दिवशी कोणी वाचत नाही. तेरावं उरकलं, पाहुणे गेले की घरचे एकेक पान वाचत बसतात. 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' पंधराव्यांदा आलं की डोळे पुढे सरकतात, आणि खालची सही कोणाची ते कळत नाही. म्हणून आपण कोण हे पहिल्याच ओळीत सांगायचं. मग त्या माणसाची आपण स्वतः पाहिलेली एक गोष्ट, मग घरच्यांसाठी एक वाक्य, शेवटी पूर्ण नाव आणि तारीख. चार-पाच ओळी, पाव पान, बस्स.

समजा, खालच्या मजल्यावरचे काका गेले. बोलणं कधी 'काय, पाणी आलं का' याच्यापुढे गेलं नाही. तर असं लिहा: 'मी बी विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहते. सकाळी पाणी सुटलं की काका टाकीचा व्हॉल्व्ह स्वतः बघून यायचे आणि कमी दाबाने येत असेल तर जिन्यातूनच सांगायचे. आमची ओळख तेवढीच, पण सकाळी त्यांचा आवाज नाही हे जाणवतं. काकू, तुम्हा सगळ्यांची आठवण मनात आहे.' यात 'मोठ्या मनाचे', 'देवमाणूस' काही नाही. तेवढं आपल्याला ठाऊकच नसतं, आणि ते घरच्यांना लगेच कळतं.

कोथरूडची लेक: गेलेल्या व्यक्तीला कधी पाहिलंच नसेल तर?

पेठेतला जुना: मग ज्यांच्यामुळे तुम्ही तिथे गेलात त्यांच्याकडून सुरुवात करा. 'आईंना भेटणं झालं नाही. तुमच्या डब्यातली थालीपीठं मात्र आम्ही सगळ्यांनी खाल्ली आहेत.' एवढं खरं असलं की पुरे. तेही नसेल तर 'भेटून जावंसं वाटलं म्हणून आले' आणि नाव. रिकाम्या जागी कविता भरू नका.

शनिवारकर: नावाआधी 'कै.' हवंच. नुसतं नाव लिहिणं अपमान आहे.

विदर्भातून पुण्यात: सगळीकडे नाही हो, शनिवारकर. आमच्याकडे बौद्ध घरात 'कालकथित' म्हणतात. ख्रिस्ती घरी 'ख्रिस्तवासी', मुस्लिम घरी 'पैगंबरवासी' वाचलं असेलच तुम्ही. देहदान केलेल्या, विधी न मानणाऱ्या माणसाच्या वहीत 'सद्गती लाभो' घरच्यांना टोचतं. फोटोखालच्या कार्डावर त्यांनी जे छापलंय तेच उतरवा, नाहीतर सरळ 'काका' लिहा.

शनिवारकर: कार्डावरचं उतरवा, हे मान्य. पण निदान 'श्रद्धांजली' तरी शुद्ध लिहा. 'श्रध्दांजली' बघवत नाही.

नवीन सभासद: मी सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेलं चित्र टाकलं होतं, तेच वहीत लिहायचं का? आणि दहाव्याला ओंकारेश्वरला गेलं नाही तर चालतं का?

कोथरूडची लेक: दहाव्याचं घरच्यांना विचारा, इथे विषय वहीचा आहे. आणि ग्रुपवरचं चार दिवसांत वर सरकून जातं. आजींकडे तर तो ग्रुपही नसतो.

स्टेशनरीवाला: थोडं कागदाबद्दल. वही गुळगुळीत कागदाची असेल तर जेलपेनची शाई लवकर वाळत नाही, पान उलटलं की समोरच्या पानावर उमटते. खिशात साधं बॉलपेन ठेवा. मजकूर जिन्यातच फोनवर लिहून ठेवा, कारण मागे माणसं उभी असतात. चुकलंच तर एक आडवी रेघ मारून पुढे लिहा. पान फाडू नका. शिवलेल्या वहीत एक पान गेलं की त्याचं जोडपान सुटतं, आणि त्यावर दुसऱ्या कोणाच्या ओळी असतात. आधीच्या मजकुराच्या लगेच खाली लिहा, नवं कोरं पान धरू नका.

विदर्भातून पुण्यात: 'काही लागलं तर सांगा' लिहावं का? मला ते पोकळ वाटतं.

पेठेतला जुना: पोकळच आहे. 'मी सकाळी घरी असते, बँकेत किंवा वॉर्ड ऑफिसात सोबत हवी असेल तर येईन' असं लिहा, खाली फोन नंबर. जमणार नसेल तर ते वाक्यच नको.

कोथरूडची लेक: नंबर मात्र नको. वही येणारेजाणारे सगळे चाळतात. चिठ्ठीवर लिहून सुनेच्या हातात द्या.

पेठेतला जुना: चिठ्ठी त्या गर्दीत हरवते. वहीतला नंबर महिन्याने सापडतो.

कोथरूडची लेक: आणि दुसऱ्यालाही सापडतो!