चुकीचे पर्याय कुठून काढायचे?

> "बीजगणिताच्या बहुपर्यायी प्रश्नात चुकीचे पर्याय म्हणून मी जवळपासचे आकडे टाकतो. मुलं नेमकी कुठे चुकली हे मात्र कळत नाही."

पर्याय आकड्यांवरून न काढता चुकीच्या रीतीवरून काढा. उदाहरणार्थ, 7 − 2(x − 3) ला सरळ रूप द्यायचंय. बरोबर उत्तर 13 − 2x. ऋण गुणिले ऋण विसरणाऱ्याचं येतं 1 − 2x. 2 ने फक्त x ला गुणून −3 तसाच उतरवणारा 4 − 2x वर पोचतो. आधी 7 मधून 2 वजा करणाऱ्याचं होतं 5x − 15. हा पर्याय इतरांत जरा उठून दिसतो, पण मी तो ठेवतोच, कारण ती चूक वहीत खरोखर दिसते.

कंसाबाहेरचा अंक मात्र जपून निवडा. 7 − (x − 3) दिलंत, तर चिन्ह चुकणारा आणि अर्धवट गुणणारा, दोघेही 4 − x वरच येतात. मग कोण कुठे घसरला ते कळणार कसं?

समीकरण सोडवायला देऊ नका. मुलं पर्यायातली किंमत घालून बघतात आणि कंस सोडवतच नाहीत. राशीतही x = 0 घालून बघणारा एखादा निघतोच म्हणा.

आधी हेच गणित पर्यायांशिवाय द्या. मला तिथे 10 − 2x सुद्धा सापडलं: चिन्ह बदललं, गुणायचं राहिलं.