मदत हवी आहे: डबल मार्कर "पॉझिटिव्ह" आलाय, टेस्ट ९०% अचूक म्हणतात, मग नक्की धोका किती?

सातारकर_८९
बायको ३० वर्षांची, पहिलंच बाळंतपण, १२ आठवडे ४ दिवस झालेत. काल डबल मार्करच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आला, त्यात डाऊन सिंड्रोमसमोर लाल अक्षरात "स्क्रीन पॉझिटिव्ह" आणि रिस्क १:१८०. डॉक्टर बाहेरगावी आहेत, भेट चार दिवसांनी आहे. लॅबवाल्याला विचारलं तर तो म्हणाला टेस्ट ९०% अचूक असते. म्हणजे आमच्या बाळाला ९०% आहेच असं धरायचं का? बायको कालपासून जेवलेली नाही, आई नुसती रडतेय, मी इंजिनीअर आहे पण आत्ता डोकंच चालत नाहीये. कोणाला नीट कळत असेल तर प्लीज सांगा.

मेघना_चिपळूण
दादा आधी वहिनींना चार घास खायला लावा. १८० म्हणजे जास्तच आहे पण घाबरू नका, माझ्या जावेची सातव्या महिन्यात जेवणानंतर १९० आली होती, गोड बंद केलं आणि रोज चालायला लागली, पंधरा दिवसात खाली आली. बाळ एकदम छान आहे.

सातारकर_८९
ताई ही साखरेची टेस्ट नाही, क्रोमोसोमची आहे. पण थँक्यू, आत्ताच थोडा वरणभात खाल्लाय तिने.

पुणेरी_आकडेमोड
९०% अचूक म्हणजे १०% वेळा चुकते, सरळ आहे. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या १०० जणींपैकी १० जणींचं चुकीचं असणार. तुम्ही त्या १० मध्ये असू शकता. टेस्ट परत करा, दुसऱ्यांदा पण पॉझिटिव्ह आली तर मग खात्री समजा.

गर्भतपासणी_१२वर्षं
मी सोनोग्राफी आणि स्क्रीनिंगच्या विभागात बारा वर्षं काम करते. वरचं उत्तर बरोबर नाही, आणि ते वाचून हे दोघं अजून घाबरतील म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ते ९०% ज्यांच्या बाळाला डाऊन सिंड्रोम खरंच आहे त्यांच्याबद्दल आहे. अशा १० जणींपैकी साधारण ९ जणींना टेस्ट पकडते. ते पण एनटीची, म्हणजे बाळाच्या मानेमागची जाडी मोजायची सोनोग्राफी आणि रक्त दोन्ही धरून, नुसत्या रक्तावर एवढं पकडलं जात नाही. आणि बाळ चांगलं असतानाही साधारण ५% बायकांना ती पॉझिटिव्ह दाखवते, हे कोणी सांगतच नाही.

आता समजा तुमच्या बायकोच्या वयाच्या ९००० बायका आहेत. तिशीत डाऊन सिंड्रोमचं प्रमाण जन्माच्या वेळी धरलं तर ९०० मध्ये साधारण १, म्हणजे १० बाळं. त्यातली ९ पकडली, १ सुटलं. उरल्या ८९९०, त्यांच्या ५% म्हणजे जवळजवळ ४५०, यांची बाळं चांगली पण रिपोर्ट लाल. लाल रिपोर्ट हातात असलेल्या एकूण ४५९ आणि खरंच बाधित ९, म्हणजे ५१ मध्ये १. मुळात बाधित बाळंच इतकी कमी असतात की चांगल्या बाळांमधली ती छोटीशी चूकसुद्धा संख्येने खूप मोठी होते.

सातारकर_८९
ओके, हे दोनदा वाचलं, आता थोडं उमगतंय. पण मग रिपोर्टवरचं १:१८० काय आहे? त्याला परत हे ९०% आणि ५% लावायचं का?

गर्भतपासणी_१२वर्षं
अजिबात नाही. १:१८० हे हिशोब करून झाल्यावरचं उत्तर आहे, त्यात वय, एनटी, रक्तातले पॅप-ए आणि बीटा एचसीजी हे घटक, सगळं आलेलं असतं. अशाच रिपोर्टच्या १८० बायका घेतल्या तर एकीचं बाळ बाधित निघेल आणि १७९ जणींचं नाही. वरचं ५१ मध्ये १ हे सगळ्या पॉझिटिव्ह बायकांचं सरासरी आहे, त्यात १:५ वाल्या पण येतात. बऱ्याच लॅबची पॉझिटिव्ह म्हणायची रेघ १:२५० ला असते, तुम्ही तिच्या जरासं अलीकडे आहात एवढंच.

आणि परत रक्त देऊन तीच टेस्ट केली तर उपयोग नाही. काही बायकांचं पॅप-ए बाळ ठणठणीत असूनही कमीच असतं, ते पुढच्या आठवड्यातही कमीच येईल. तीच गोष्ट दोनदा मोजून दुसरा पुरावा मिळत नाही.

पुणेरी_आकडेमोड
हां, मी उलटं धरलं होतं, मान्य. पण मग १८० पैकी १७९ चांगले म्हणजे टेस्टच फालतू झाली की, सोडून द्या ना विषय, कशाला पुढे खर्च.

गर्भतपासणी_१२वर्षं
सोडूनही देऊ नका. ९०० मध्ये १ वरून १८० मध्ये १, म्हणजे शक्यता पाच पट झाली, तरी लहानच आहे, दोन्ही खरं आहे. टेस्टचं काम निदान करायचं नाही, पुढची तपासणी कोणाला द्यायची ते चाळून काढायचं. सातारकर, एनटी किती आहे आणि फॉर्मवर वजन, सीआरएल म्हणजे बाळाची लांबी काय लिहिलंय ते बघा.

कोल्हापुरी_रक्तदाता
माझं थोडं वेगळं आहे पण सांगतो. मी वर्षातून तीनदा रक्त देतो, एकदा रक्तपेढीतून फोन आला की एचआयव्हीला रिॲक्टिव्ह दाखवतंय, येऊन भेटा. दहा दिवस घरात कोणाला सांगितलं नाही, रात्री झोप नाही. नंतरच्या खात्रीच्या टेस्टमध्ये काहीच नाही निघालं. तेव्हा तिथल्या समुपदेशक मॅडमनी हेच सांगितलं होतं, की रक्तदात्यांमध्ये आजारच दुर्मीळ म्हणून पहिल्या चाळणीत अडकलेले पुष्कळ जण निरोगी असतात. आज कुठे त्याचा हिशोब कळला.

सातारकर_८९
एनटी १.४, सीआरएल ६२ मिमी. पण वजन ५४ लिहिलंय आणि तिचं वजन ६४ आहे!! याने फरक पडतो का?

गर्भतपासणी_१२वर्षं
पडतो. एनटी चांगली आहे, म्हणजे तुमचा आकडा रक्तामुळे वर गेलाय, आणि रक्ताचे आकडे वजनाप्रमाणे दुरुस्त करतात. वजन जास्त तर शरीरातलं रक्त जास्त, त्यात हे घटक पातळ होतात. ५४ धरल्यामुळे तिचं पॅप-ए आहे त्यापेक्षा जास्त कमी भासलं असणार. पण बीटा एचसीजीसुद्धा त्याच दुरुस्तीने हलेल, म्हणून रिस्क नक्की किती होईल ते मी इथून सांगणार नाही. लॅबला खरं वजन कळवून रिस्क परत काढायला सांगा, नवीन रक्त लागत नाही.

डोंबिवली_आई
माझं १:११० होतं. आम्ही एनआयपीटी केली, आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए तपासतात ती, महाग पडली पण सुई पोटात नाही. निगेटिव्ह आली, मुलगी आता दुसरीत आहे.

नाशिक_अनघा
मी थेट एम्नियो केली, पोटातून सुईने गर्भजल काढून तपासतात ती, सोळाव्या आठवड्यात. एनआयपीटी कितीही चांगली असली तरी तीही चाळणीच, पॉझिटिव्ह आली तर शेवटी एम्नियो लागतेच. मला एकदाच काय ते उत्तर हवं होतं.

गर्भतपासणी_१२वर्षं
दोघींचंही आपापल्या जागी बरोबर. एम्नियोत गर्भपाताचा धोका थोडा असतो, एनआयपीटीत तो नाही पण पक्कं निदानही नाही. एनटी ३.५ च्या वर असती तर मी थेट एम्नियोकडे कल दिला असता. १.४ ला बऱ्याच जणी आधी एनआयपीटी घेतात. हे तुम्ही दोघांनी आणि डॉक्टरांनी ठरवायचं.

सातारकर_८९
लॅबला फोन केला, वजन चुकल्याचं त्यांनी मान्य केलं, उद्या दुपारपर्यंत नवीन रिपोर्ट देतो म्हणाले. बायकोला तुमचा ९००० बायकांचा हिशोब कागदावर काढून दाखवला, तिने तो कागद आईला दाखवायला नेलाय. एनआयपीटीचं अजून ठरत नाहीये, ती नको म्हणतेय, मला करावीशी वाटते. नवीन आकडा आला की इथेच टाकतो.