26क्यूमधले दोन पॅन चुकलेत, करेक्शन कसं करायचं? (मदत हवी आहे)

कुपवाडची_वहीखाती
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे, मी तिथं हिशेब बघते. दुसऱ्या तिमाहीचं 26क्यू बाहेरच्या ऑपरेटरकडून भरून घेतलं. आता ट्रेसेसवर 22,800 ची डिमांड, वर व्याज.

लेबर काँट्रॅक्टरचं बिल 1,20,000 चं. एक टक्क्यानं 1,200 कापले, वेळेत भरले. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या कार्डाच्या फोटोत M का N ते कळत नव्हतं, ऑपरेटरनं N टाकला. तसा पॅनच अस्तित्वात नाही, म्हणून वीस टक्क्यांनी 24,000 धरलेत.

दुसरा मिरजेचा पेंटिंगवाला. 1,50,000 वर 1,500 कापले. याची डिमांड नाही, पण 26एएसला दिसत नाही म्हणून रोज फोन. बिल त्यांच्या भागीदारी फर्मचं, आणि पॅन लागलाय एका भागीदाराचा. डिजिटल सिग्नेचर आमच्याकडं नाही. काय करू?

विट्याचा_व्यापारी
सोपं आहे ताई. कॉन्सो फाइल मागवा, आरपीयूत उघडा, चुकीच्या ओळी डिलीट मारा, नव्या घाला. झालं.

कऱ्हाड_करकाम
दादा, कॉन्सो फाइलपर्यंत बरोबर. पण डिडक्टीची ओळ डिलीट होत नाही, आणि इथं गरजही नाही. त्याच ओळीत पॅन बदलायचा.

ताई, सिग्नेचर नाही म्हणजे ऑनलाइन पॅन करेक्शन जमणार नाही, ऑफलाइनच करा. आधी ट्रेसेसवर पॅन व्हेरिफिकेशनमध्ये नवे पॅन टाकून नाव कुणाचं येतं ते बघा. एफव्हीयू पॅनची नुसती ठेवण तपासतं, माणूस खरा आहे का ते नाही. म्हणूनच तो N वाला पॅन बिनबोभाट पुढं गेला. पेंटरच्या बाबतीत तर दोनदा बघा, कारण खऱ्या पॅनच्या जागी दुसरा खरा पॅन एकदाच बदलता येतो. तिथं परत चुकलं की अडकलात.

लेबरवाल्याचं सरळ आहे. योग्य पॅन लागला आणि करेक्शन प्रोसेस झालं की दर एक टक्क्यावर येतो, 22,800 आणि त्यावरचं व्याज दोन्ही जातं. घाबरून आधीच भरू नका.

पेंटरचं मात्र शांतपणे घ्या. भागीदाराच्या पॅनचं चौथं अक्षर P, फर्मचं F. 194सी मध्ये व्यक्तीला एक टक्का, फर्मला दोन. म्हणजे पॅन सुधारला की 1,500 ऐवजी 3,000 कापायला हवे होते असं सिस्टीम म्हणणार. आज दिसत नाही ती 1,500 ची तूट तुमच्याच करेक्शननं वर येईल, वर महिन्याला एक टक्का व्याज. अर्धवट महिनाही पूर्ण धरतात.

आटपाडी_एक्सप्रेस
आमचंही सेम! पॅन बरोबर, तरी वीस टक्के. तीन वेळा करेक्शन भरलं, डिमांड हलत नाही. ट्रेसेसचा घोळ आहे सगळा.

कऱ्हाड_करकाम
तुमचा पॅन चुकलेला नाही, निष्क्रिय असणार. आधार जोडलेलं नसलं की असं होतं. त्याला करेक्शन लागू पडत नाही, त्या माणसानं आधार जोडणं हाच उपाय. वेगळा धागा काढा, इथं गल्लत होईल.

कुपवाडची_वहीखाती
आभारी आहे सर. पण कॉन्सो फाइल मागताना केवायसीतच अडकलेय. टोकन नंबर, चलन सगळं बरोबर, तरी पॅन आणि रक्कम जुळत नाही म्हणतंय.

कऱ्हाड_करकाम
पेंटरच्या फर्मचा पॅन टाकताय का? केवायसीत स्टेटमेंटमध्ये जे भरलंय तेच द्यायचं. म्हणजे भागीदाराचा, चुकीचा असला तरी. लेबरवाल्याचा अस्तित्वातच नसलेला पॅन तिथं चालत नाही, तो सोडा. त्या चलनातल्या खऱ्या पॅनच्या जास्तीत जास्त तीन जोड्या द्या, कमी असतील तर आहेत तेवढ्या.

कुपवाडची_वहीखाती
झालं! फाइलची रिक्वेस्ट गेली. आता पेंटरच्या फरकाचे 1,500 आधी भरून नवीन चलन याच करेक्शनमध्ये जोडू, का डिमांड आल्यावर भरू? मालक म्हणतात पेंटरकडूनच घ्या, तो म्हणतो पॅन तुम्ही चुकवला, मी का देऊ.

विट्याचा_व्यापारी
डिमांड येऊ द्या. आमचे सीए तसंच करतात.

कऱ्हाड_करकाम
मी आधी भरायला सांगतो, व्याज तरी थांबतं. पण दोन्ही पद्धती चालतात, तुमच्या सीएंना विचारा. पेंटरकडचं काय ते मालकांनी बघावं. त्याच्या पुढच्या बिलातून वळते करतात बहुतेक जण. प्रोसेस झाल्यावर दोघांचे 16ए नव्यानं काढा. भागीदाराच्या नावाचं जुनं 16ए दिलं असेल तर परत मागून घ्या, नाहीतर तो त्याच्या रिटर्नमध्ये क्रेडिट घेऊन बसेल.

कुपवाडची_वहीखाती
ते त्यानं घेतलंय का, हेच आता विचारते. फोन उचलला तर.