Re: Re: गणपतीच्या जेवणाचं खोबरं, बेरीज जुळत नाहीये

नीता:
नमस्कार मंडळी, खरेदीची यादी आज फायनल करायची आहे आणि खोबऱ्यावरच गाडी अडलीये. तिन्ही रेसिपी 8 माणसांच्या आहेत, आपण 120, म्हणजे 15 पट. ओलं खोबरं मसालेभाताला 2/3 कप, काकडीच्या कोशिंबिरीला 1/4 आणि फरसबीच्या भाजीला 1/2. शीटमध्ये एकाने वरचे आकडे वेगळे आणि खालचे वेगळे मिळवून 4/9 काढलंय आणि त्याचे 15 पट म्हणजे पावणेसात कपाच्या आत, दुसऱ्याचं उत्तर सव्वाएकवीस कप. फ्रोझन खोबऱ्याची पाकिटं किती आणायची ते ह्यावरच ठरणार, प्लीज कोणीतरी बघा.

केदार:
कॅल्क्युलेटर घ्या ना, अपूर्णांक कशाला. 0.7 अधिक 0.3 अधिक 0.5, झाले दीड, गुणिले 15, साडेबावीस कप.

सुहास काका:
15 पट करू नका हो!! मागच्या वर्षी पोह्यात मिरची अशीच सरळ पटीत घातली होती, मुलांनी हात लावला नाही. तिखट आधी दहा पट घाला, चव बघा, मग वाढवा.

वसुधाताई:
सुहास, तिखटाचं तुझं बरोबर आहे पण नीता खोबऱ्याचं विचारतेय, ते पटीतच लागतं.

नीता, 4/9 चुकीचं आहे हे गणित न करताही कळतं बघ. एकट्या भातालाच 2/3 कप लागतंय, त्यात आणखी दोन पदार्थांचं मिळवल्यावर बेरीज 2/3 पेक्षा कमी कशी होईल? 4/9 तर अर्ध्या कपापेक्षाही कमी आहे. तृतीयांशाचा तुकडा आणि पावाचा तुकडा एकाच आकाराचे नाहीत म्हणून ते तसेच मोजून चालत नाही, आधी दोघांचे सारखे तुकडे करायला लागतात.

मी ते चमच्यांत करते. एका कपात 16 टेबलस्पून आणि एका टेबलस्पूनमध्ये 3 टीस्पून, म्हणजे कप 48 टीस्पूनचा. 48 ला 3 नेही भाग जातो आणि 4 नेही, त्यामुळे काही उरत नाही. 2/3 कप म्हणजे 32 चमचे, 1/4 म्हणजे 12, 1/2 म्हणजे 24, एकूण 68. त्याचे 15 पट 1020, भागिले 48, सव्वाएकवीस कप. शाळेतल्या रीतीने छेद 12 केला तरी 8 + 3 + 6 म्हणजे 17/12 येतं, 15 पट केलं की तेच.

केदार, दशांशात करायला हरकत नाही पण तू आधीच वर ढकललंस आणि मग 15 ने गुणलंस, म्हणून सव्वा कप जास्त आलं. 0.67 आणि 0.25 घेऊन बघ, 21.3 येईल. गोल करायचं ते अगदी शेवटी, पाकिटं मोजताना.

केदार:
ओके पटलं. पण मग आधी पदार्थागणिक 15 ने गुणलं तर अजून सोपं नाही का? भात 10 कप, कोशिंबीर पावणेचार, भाजी साडेसात. तृतीयांश गायबच झाला.

वसुधाताई:
हो, आणि स्वयंपाक तिघांच्या घरी वाटलाय तर प्रत्येकाला आपापला आकडाही मिळतो, तसंच कर. फक्त तृतीयांश गेला तो 15 ला 3 ने भाग जातो म्हणून. उद्या 112 च माणसं झाली तर 14 पट, मग भाताला 9 पूर्णांक 1/3, कोशिंबिरीला साडेतीन आणि भाजीला 7, परत सारखे तुकडे करावे लागणारच, 19 पूर्णांक 5/6 येतं.

मंजिरी:
सगळं वाचलं पण एक सांगायचं राहिलं, मसालेभाताची रेसिपी माझ्या आईची आहे आणि तिने 2/3 वाटी लिहिलंय, कप नाही!! आईची वाटी इथल्या मेजरिंग कपापेक्षा बरीच लहान आहे. नीताने टाइप करताना वाटीचा कप केला बहुतेक.

वसुधाताई:
अगं मग भाताचे 10 कप आत्ता धरूच नका, वाटी आणि कप मिळवता येत नाहीत. तुझ्याकडे तसलीच वाटी असेल तर पाण्याने भरून मेजरिंग कपात ओत आणि किती भरतं ते कळव. बाकी दोन पदार्थांचे सव्वाअकरा कप पक्के. आणि नीता, एक पाकीट पूर्ण वितळवून, न दाबता, किती कप भरतं ते मोजून बघ, वजनावरून अंदाज नको.

नीता:
पाकीट आत्ता फ्रीजरमधून काढून ठेवलंय. मंजिरी, वाटी आहे का तुझ्याकडे? की आईंना फोन करून विचारतेस?