मदत हवी आहे: प्रवासीच तरुण का राहतो, आपण का नाही?

तापीकाठ, चोपडा
अंतराळयानातून ताऱ्याकडे वेगाने गेलेल्या प्रवाशाचे घड्याळ मंद चालते, म्हणून तो तरुण राहतो, असे भाच्याला सांगत होतो, तोच त्याने मला अडवले. "मामा, प्रवाशाच्या दृष्टीने तर पृथ्वीच मागे पळते, मग आपले घड्याळ मंद का नाही?" रविवारी तो धुळ्याला परत जाईल. कृपया सूत्रांशिवाय सांगावे.

केळीबाग
वेग किती? तारा किती दूर? प्रवासी परत येतो का?

तापीकाठ
परत येतो, हे उघडच आहे. वेग प्रकाशाच्या ८० टक्के, तारा ४ प्रकाशवर्षे दूर धरा.

रात्रपाळी, भुसावळ
माझे किल्लीचे घड्याळ गाडीत रोज चार मिनिटे मागे पडत असे. तेलपाणी केल्यावर सुधारले.

केळीबाग
तो घड्याळाचा दोष होता. येथे घड्याळ, नाडी आणि दाढीची वाढ एकाच प्रमाणात मंदावते, म्हणून प्रवाशाला स्वतःला काहीच जाणवत नाही.

गिरणाकाठ
उत्तर सोपे आहे. परतताना प्रवासी वळतो, वळताना त्याला जोर बसतो आणि त्या जोरानेच त्याचे घड्याळ मंदावते.

केळीबाग
हे अर्धेच खरे आहे. वळण तेच ठेवून तारा दुप्पट दूर नेला, तर वयातला फरकही दुप्पट होतो. १९७७ साली सर्न या युरोपातील प्रयोगशाळेत म्यूऑन नावाचे क्षणभंगुर कण वर्तुळात फिरवले, तेव्हा वळणाचा जोर प्रचंड असूनही त्यांचे आयुष्य केवळ वेगामुळे वाढावे तेवढेच, म्हणजे सुमारे २९ पट, वाढलेले आढळले.

तापीकाठ, भाच्याला दिवाळीचे संदेश मोजायला लावा. दोघेही आपापल्या घड्याळाप्रमाणे दर वर्षी एक संदेश रेडिओने पाठवतात. दूर जाताना प्रत्येक संदेशाला आधीच्यापेक्षा लांबचा पल्ला पडतो आणि पाठवणाऱ्याचे घड्याळही मंद असते, त्यामुळे दोघांनाही संदेश तीन तीन वर्षांनी मिळतात. जवळ येताना ते चार चार महिन्यांनी मिळतात. येथपर्यंत भाच्याचे बरोबर आहे, दोघांचा अनुभव सारखाच आहे.

प्रवाशाला त्याच्या घड्याळाप्रमाणे जायला ३ आणि यायला ३ वर्षे लागतात. त्याला जाताना १ आणि येताना ९ असे १० संदेश मिळतात, म्हणून चोपड्यात १० वर्षे झाली. चोपड्याच्या घड्याळाप्रमाणे प्रवासी ५ वर्षांनी वळतो खरा, पण ती बातमी पोचायला आणखी ४ वर्षे लागतात. म्हणून चोपड्याला नऊ वर्षांत ३ आणि शेवटच्या एका वर्षात ३, असे ६ संदेश मिळतात. प्रवाशाला बदल निम्म्या वाटेवर दिसतो आणि आपल्याला अगदी शेवटी, कारण वळला तो, आपण नाही.

तापीकाठ
चार प्रकाशवर्षे तीन वर्षांत? मग तो प्रकाशाच्या पुढे गेला की!

केळीबाग
नाही. त्याच्या मोजणीत ते अंतरच आखडून २.४ प्रकाशवर्षे होते.

गिरणाकाठ
आपण संदेश मोजून दाखवलेत. घड्याळ मंद 'का' होते, हे राहिलेच.

तापीकाठ
भाच्याने ओट्यावर खडूने रेघा मारून दहा आणि सहा जमवले. आता विचारतो, प्रवासी परत आलाच नाही तर तरुण कोण?

केळीबाग
मग दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे राहते. घड्याळे पुन्हा शेजारी आल्याशिवाय त्यांचा वाद मिटत नाही.